गडी आउट, वाक्य नॉटआउट

इंग्रजी समालोचक 'एज्ड अँड टेकन!' म्हणून मोकळा होतो. सेकंदभराचं काम. आम्ही हायलाइट्सखालच्या पट्टीवरचा मजकूर लिहिणारे; त्या पट्टीसाठी तेच शुद्ध मराठीत करून बघा: 'चेंडूनं बॅटची बाहेरची कड घेतली आणि दुसऱ्या स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकानं सुरेख झेल टिपला.' यातलं 'टिपला' येईपर्यंत फलंदाज ग्लोव्हज काढत पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढत असतो. आमचं क्रियापद जेवणावळीतल्या यजमानासारखं, सगळ्यांच्या शेवटी बसणार!

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत शेजारच्या टेबलावर कन्नड आवृत्ती लिहिणारा मित्र बसतो. त्याचंही क्रियापद शेवटीच. सीमाप्रश्नावर आमचं जमणं कठीण, पण या दुखण्यावर दोघांनी मिळून एकच औषध काढलंय: आधी क्रियापद फेकायचं. तो ओरडतो 'होदा!', मी ओरडतो 'गेला!' कोण, कुठं, कसा हे सगळं मागाहून, रिप्ले चालू असताना. 'गेला! स्लिपमध्ये झेल!' एवढ्यात भागतं. स्लिपला मराठी शब्द शोधायच्या फंदात मी पडत नाही. सरदार हायस्कूलच्या मैदानावर टेनिस बॉल खेळणारं पोरगंसुद्धा स्लिपला स्लिपच म्हणतं.

पायचीतचा छळ वेगळाच. शब्द आटोपशीर, सगळ्यांना कळणारा, पण तो अंपायरचं बोट वर जायच्या आधी दिसता कामा नये. गोलंदाज अपील करतोय, अंपायर विचारात पडलाय, आणि खाली पट्टीवर 'पायचीत!' आधीच झळकतंय. मग बघणाऱ्यानं श्वास कशाला रोखायचा? म्हणून ओळ तोडतो. आधी 'पॅडवर! जोरदार अपील...' आणि पुढं काही नाही, पट्टी कोरी. बोट हललं की 'दिला!' ही कोरी पट्टी बघून संपादकसाहेब हमखास फोन करतात, "इथं मजकूर राहिलाय." राहिला नाही साहेब, मुद्दाम ठेवलाय.

आता त्रिफळाचीत. धावफलकावर शोभून दिसतो, पण यॉर्करनं मधला स्टंप उखडला असताना तो म्हणेपर्यंत बेल्स जमिनीवर येऊन थंड झालेल्या असतात. मी 'दांडी गुल!' लिहिलं. संपादकसाहेबांनी ते गावंढळ म्हणून लाल केलं आणि 'त्रिफळा उद्ध्वस्त' सुचवलं.

निकालासाठी दोन्ही क्लिपा आमच्या आज्जीला दाखवल्या. खानापूरकडच्या आज्जी, सामना बघताना कुणाला बोलू देत नाहीत. पहिली क्लिप शांतपणे बघितली, 'उद्ध्वस्त' वाचून विचारलं, "कुठं काय पडलं रे?"

दुसरी लावली. 'दांडी गुल!' झाल्याबरोबर मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "अस्सं सांग की! आता ह्यो गेल्यावर कोण येतोय बॅटिंगला?"

पुढचा फलंदाज क्लिपमध्ये नव्हता. साहेबांना तेवढंच कळवलं: क्लिप वाढवा.