चहाच्या चमच्याने अँटिबायोटिक: त्या मेसेजमधल्या चार गोष्टी

फिरणारा मेसेज: «बाळाचं अँटिबायोटिक मोजायला सिरिंज कशाला? चहाचा एक चमचा म्हणजे 5 मिली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घातलं की औषध तयार. डोस लक्षात राहतात, लिहायची गरज नाही. एखादा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्या.»

आधी चमच्याचं बघू. घरातले चमचे मापाने बनवलेले नसतात. एकाच डब्यातल्या दोन चमच्यांत वेगवेगळं औषध मावतं. शिवाय बाळाचा डोस क्वचितच नेमका 5 मिली असतो. समजा, बाटलीवर 5 मिलीमध्ये 125 मिग्रॅ अमॉक्सिसिलिन असं लिहिलंय आणि डॉक्टरांनी 4 मिली, दिवसातून दोनदा, 7 दिवस सांगितलंय. (हे आकडे उदाहरणापुरते. तुमचे आकडे चिठ्ठीवर आणि लेबलवर असतील.) म्हणजे एका वेळी 100 मिग्रॅ. 4 मिली चमच्याने अंदाजानेच घ्यावं लागतं, आणि रडणाऱ्या बाळापुढे त्यातलं थोडं सांडतं. बिनसुईच्या तोंडाच्या सिरिंजवर मात्र 4 ची रेघ असते. सिरिंजचं टोक औषधात बुडवा, दट्ट्या 4 च्या थोडा पुढे ओढा, मग टोक वर करून टिचकी मारा. बुडबुडा वर आला की दट्ट्या हळू ढकलत 4 वर आणा. दट्ट्याची टोकाकडची कड रेघेवर आली पाहिजे, मागची नाही. बुडबुडा तसाच राहिला तर तेवढी जागा औषधाची नसते, हवेची असते.

सिरिंजला छोटं टोपण असेल तर ते आधी काढून बाळापासून लांब ठेवा. ते घशात अडकू शकतं. बाळाला थोडं उभं धरा, टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. घशावर एकदम पिचकारी मारली की ठसका लागतो. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, कारण दूध उरलं की डोसही उरतो.

पाण्याच्या बाबतीत मेसेज अर्धाच खरा आहे. कोरडी पूड बाटलीच्या तळाशी घट्ट बसलेली असते, म्हणून आधी बाटली आपटून ती मोकळी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी थोडं घालून जोरात हलवायचं, फेस खाली बसू द्यायचा आणि नंतर खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच पातळी समजलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा तीव्र होतो. हे काम औषधाच्या दुकानात करून मागा, ते उत्तम. त्यानंतरही प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. औषधाचे कण तळाशी बसतात, त्यामुळे न हलवता दिलेले पहिले डोस पातळ आणि शेवटचे जास्त तीव्र होतात.

दुप्पट डोसचा सल्ला तर अजिबात पाळू नका. चुकलेला डोस आठवताच द्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर तो सोडून नेहमीच्या वेळेवर चालू ठेवा. दोन डोस एकत्र दिले तर पोट बिघडायची शक्यता वाढते आणि चुकलेली वेळ काही भरून निघत नाही. चुकून दुप्पट गेलाच तर लगेच डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करा.

आता नोंदीचं, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रात्री आईने दिलेला डोस बाबांना माहीत नसतो आणि तोच पुन्हा दिला जातो. बाटलीजवळ एक कागद चिकटवा आणि डोस दिल्यावर, आधी नव्हे, एक ओळ लिहा: तारीख, वेळ, किती मिली, कोणी दिलं. आधी लिहिलं आणि बाळाने थुंकलं, तर कागद खोटा ठरतो. उलटी झाली तर डोसनंतर किती मिनिटांनी, तेही लिहा. पुन्हा द्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं. मनाने दुसऱ्यांदा देऊ नका, विचारा. कागदाच्या डोक्यावर बाटलीची तीव्रता लिहा. मध्येच दुसरी बाटली आली आणि ती 5 मिलीमध्ये 250 मिग्रॅची निघाली, तर त्याच 4 मिलीत 200 मिग्रॅ जातात.

या कागदाने मापही तपासता येतं. 4 मिलीचे 14 डोस म्हणजे 56 मिली, त्यामुळे 60 मिलीच्या बाटलीत शेवटी जेमतेम तळाशी औषध उरायला हवं. 16 मिली उरलं आणि कागदावर 11 ओळी असतील, तर डोस चुकलेत. 14 ओळी पूर्ण असूनही तेवढंच उरलं, तर माप कमी पडलंय. पाचव्या दिवशीच बाटली संपली तर जास्त जातंय किंवा सांडतंय. तसं दिसलं तर बाटली, सिरिंज आणि कागद तिन्ही घेऊन दुकानात या. सिरिंजमध्ये पाणी ओढून दाखवलंत की चूक कुठे होतेय ते तिथल्या तिथे कळतं.