रात्रपाळी लॉगआऊटला संपत नाही

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. रात्रपाळीचा उगाच बाऊ केलाय. मी अनेक वर्षं अमेरिकेच्या क्लायंटचं काम करतोय. पहाटे साडेतीनला हिंजवडीहून बाईकने हडपसरला जातो. रस्ता रिकामा असतो, कॅबसारखी रखडपट्टी नाही. कॅब बायकांसाठी ठीक आहे. घरच्यांना सवय होतेच. आणि दिवसाच्या टीमशी रोज काय बोलायचं? मेल टाकला की झालं."

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त बाईकबद्दल, कारण काळजी मला तिचीच वाटते.

तुमची पाळी संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन असणार. घरात मुलं असतील तर शाळा-डब्याच्या गडबडीत सकाळी नऊला तरी उठलेले असताच. म्हणजे किल्ली फिरवता तेव्हा तुम्ही साडेअठरा तास जागे असता. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया किती मंदावते हे प्रयोगांत मोजलेलं आहे. ती साधारण रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्यात पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. गार वारा तोंडावर घेतला, हेल्मेटच्या आत गाणी लावली, तरी फरक काही मिनिटांपुरताच पडतो. ताशी साठच्या वेगाने जाताना तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी पन्नास मीटर कुणाच्याही ताब्यात नसते. रस्ता रिकामा असणं तिथे उपयोगाचं नाही, उलट रिकाम्या रस्त्यावर डोळ्यांना जागं ठेवणारं काही उरत नाही.

ओळखायचं कसं? मागचा चौक कधी ओलांडला हे आठवत नसेल, नेहमीचं वळण चुकलं असेल, स्पीडब्रेकर अंगावर आल्यावरच दिसला असेल, तर तुम्ही झोपायला लागलेला आहात. तिथेच उजेडात, पेट्रोल पंपावर गाडी लावा. त्याहून बरं म्हणजे ऑफिसातच कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा परिणाम दिसायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे उठून तोंड धुवून निघेपर्यंत दोन्हींचा फायदा मिळतो. पण घरी गेल्यावर झोप लागायला उशीर होतो, म्हणून हा उपाय रोजचा नाही. रोजचा उपाय कॅबच.

"कॅब बायकांसाठी ठीक आहे" या वाक्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा, तिला न्यायला आलेल्या कॅबच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. पहिली पिकअप आणि शेवटचा ड्रॉप एकट्या स्त्रीचा नको, तसं करावंच लागलं तर गाडीत गार्ड हवा, हा नियम कशासाठी आहे ते पुण्यात रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरापर्यंतच्या वाहनाची जबाबदारी मालकाची असते. आता तुमच्या मार्गाचं रोस्टर पाहा. हडपसरच्या गाडीत तुम्ही, बाणेरचे एक जण आणि मगरपट्ट्याची एक सहकारी. तुम्ही बाईकने गेलात आणि बाणेरवाले उतरले, की उरलेला सगळा रस्ता ती चालकाबरोबर एकटी. गार्ड रजेवर असेल तर तिला पुढच्या गाडीसाठी तासभर थांबावं लागतं. "मला आधी सोड रे" म्हणून चालकाला मार्ग बदलायला लावणाऱ्यांमुळेही हेच होतं. तुमची सीट तिच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

कॅबचा चालकही माणूसच आहे. दिवसभर दुसरीकडे भाडी मारून रात्री ऑफिसची गाडी चालवणारे मी पाहिले आहेत. तो सारखा काच खाली करत असेल, लेनच्या पट्ट्यांवरून गाडी सरकत असेल, तर त्याच्याशी बोलत राहा, त्याला चहाला थांबवा आणि वाहतूक विभागाला त्याच रात्री कळवा. तक्रार त्याच्याविरुद्ध करू नका, त्याला लावलेल्या सलग ड्युटीविरुद्ध करा. नाहीतर त्याची रोजी जाते आणि त्या जागी तितकाच जागलेला दुसरा येतो.

घराबद्दल तुम्ही म्हणता सवय होते. सवय होते ती बहुधा तुमच्या नसण्याची. आमच्याकडे ठरलेलं आहे की पहाटे पाच ते दुपारी बारा माझी रात्र. कामवाल्या मावशी बेल न वाजवता आईला फोन करतात, कुकर मी झोपायच्या आधी किंवा उठल्यावर लागतो, कुरिअर खाली वॉचमनकडे राहतं. त्याच्या बदल्यात दुपारी साडेतीन ते साडेपाच मी मुलीचा, आणि त्या वेळात फोन खोलीबाहेर. सुट्टीच्या दिवशी एकदम दिवसाचा माणूस व्हायला जाऊ नका. रविवारी रात्री दहाला झोपून सोमवारी रात्री जागायचं म्हणजे दर आठवड्याला शरीराचं घड्याळ उलटसुलट करणं. मी सुट्टीतही दोनच्या सुमारास झोपतो, दहाला उठतो. सणांचं आधी मागून घ्यावं लागतं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ पाळीच्या सुरुवातीलाच येते आणि क्लायंटला ती माहीत नसते. त्यांच्या थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, काम जवळजवळ थांबतं. तो दिवस मी भरतो आणि दिवाळीची संध्याकाळ घेतो.

आता मेल. आमच्याकडचंच सांगतो. क्लायंटने रात्री अकराच्या कॉलवर सांगितलं की बिलांची फाईल गुरुवारपर्यंत पाठवू नका, त्यांच्याकडे रकमा तपासणं चालू होतं. रात्रीच्या एकाने ती फाईल पाठवणारा जॉब थांबवला आणि मेल टाकला, "बोलल्याप्रमाणे होल्ड केलं." सकाळी दहाला दिवसाच्या टीमला थांबलेला जॉब दिसला. कोण कुणाशी काय बोललं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो अडकला असं समजून परत चालवला आणि चुकीच्या रकमा गेल्या. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. त्यानंतर आमच्या हँडओव्हरमध्ये चार गोष्टी लागतात: काय दिसलं, काय केलं, कशाला हात लावायचा नाही आणि कधीपर्यंत, शंका आली तर कुणाला उठवायचं. "गुरुवार रात्री आठपर्यंत हा जॉब चालवू नये, क्लायंटची सूचना" एवढं एक वाक्य त्या दिवशी पुरलं असतं.

पण लिहिलेलंही माणसं ओळखीच्या माणसाचं जास्त लक्ष देऊन वाचतात. म्हणून आठवड्यातून दोनदा मी सहाला पोहोचतो, दिवसाची टीम निघण्याआधी अर्धा तास त्यांच्यात बसतो. अपडेट त्यात थोडेच असतात. पण नवीन प्रोजेक्ट कुठला येतोय, कुणाला घेताहेत, हे तिथेच कळतं. अप्रेझलची मीटिंगही मी साडेपाच-सहाची मागतो. सकाळी अकराला अर्धवट झोपेत आपल्या वर्षभराच्या कामाबद्दल कुणी नीट बोलू शकत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास मागे जातील. तुमची पाळी साडेसात ते साडेचार होईल आणि घरी पोहोचेपर्यंत शहरात ट्रक शिरायला लागलेले असतील. त्याआधी वाहतूक विभागाला मेल करून हडपसरच्या गाडीत तुमचं नाव घालून घ्या.