बी ६७ ढिला का पडला: भिवापूरच्या ग्राहकांना उत्तर

"एक स्टार. मिरची कांडपाच्या मशिनसाठी सूत्राने लांबी काढली, १७०८ मि.मी. आली, म्हणजे बी ६७. तोच साइज सांगून दोन बेल्ट घेतले. मोटर शेवटपर्यंत मागे ओढली तरी ढिलेच. चार दिवसांत बाजू काळ्या चकचकीत झाल्या. आता परत घेत नाहीत. याच सूत्राने मागे टायमिंग बेल्ट मागवला होता, तो बरोबर बसला. म्हणजे यांचा मालच मापात नाही."

नमस्कार भाऊ. सीझनमध्ये कांडप बंद पडलं की काय हाल होतात ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे तुमचा राग समजतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली मापं आणि फोटो मी निवांत बसून पाहिले. बेल्टवर बी ६७ छापलंय आणि तुमच्यासमोर काउंटरवर मोजला तेव्हा तो आतून ६७ इंच, म्हणजे १७०२ मि.मी. भरला. माल मापात आहे. तुमचं सूत्रही अगदी बरोबर आहे. घोळ आहे तो सूत्रात कोणता व्यास घातला आणि आलेलं उत्तर बेल्टवरच्या कोणत्या आकड्याशी जुळवलं यात. हीच गडबड घेऊन हिंगणा, बुटीबोरीचे फिटरसुद्धा आमच्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूत्र असं आहे:

```
L = 2C + (π/2)(D + d) + (D − d)²/(4C)
```

C म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यांतलं अंतर, D मोठ्या पुलीचा व्यास, d लहान पुलीचा. पण हा व्यास पुलीच्या बाहेरच्या कडेचा नाही, तो पिच व्यास. बेल्ट पुलीवर वाकतो तेव्हा त्याचा वरचा थर ताणला जातो आणि खालचा दबतो. मधल्या ज्या रेषेत लांबी बदलत नाही ती पिच रेषा. बी सेक्शनच्या पुलीत ही रेषा बाहेरच्या कडेपासून ४.२ मि.मी. आत असते. दोन्ही बाजू धरल्या तर व्यासात ८.४ कमी.

तुम्ही टेप लावून मोजलं ते बाहेरून: मोटरची पुली १३३, मशिनची ३०८. त्यांचे पिच व्यास होतात १२५ आणि ३००. अंतर तुम्ही ५०० दिलंय. मग २ × ५०० म्हणजे १०००, व्यासांच्या बेरजेचे ६६८, आणि शेवटच्या पदाचे १५. एकूण पिच लांबी १६८३ मि.मी. बाहेरचे व्यास घातले की हेच उत्तर १७०८ येतं. इथेच २५ मि.मी. वाढले.

आता दुसरी गोष्ट, आणि नुकसान मुख्यतः हिनेच केलं. तुम्ही १७०८ ला २५.४ ने भागून ६७ काढले. पण आपल्याकडे ए, बी, सी या साध्या व्ही-बेल्टवर जो आकडा छापतात तो बेल्टच्या आतल्या लांबीचा, इंचात. सूत्रातून येते ती पिच लांबी. बी सेक्शनला पिच लांबी आतल्या लांबीपेक्षा ४३ मि.मी. जास्त धरतात (ए ला ३६, सी ला ५६). म्हणजे बी ६७ ची पिच लांबी १७०२ नाही, १७४५. तुम्हाला हवी होती १६८३. बेल्ट ६२ मि.मी. लांब गेला.

तो ताणायचा तर मोटर साधारण निम्मी, म्हणजे ३१ मि.मी. मागे हवी, अंतर ५३१. तुमच्या फोटोतल्या रेलच्या खाचा ४६० ते ५२० एवढंच सरकू देतात. म्हणून मोटर टोकाला जाऊनही बेल्टला ताण आला नाही. ताण नाही म्हणून तो घसरला, घसरून तापला आणि बाजूंना ती काळी चकाकी आली. रबर खराब असतं तर भेगा पडल्या असत्या किंवा कापडाचे पदर सुटले असते. तुमच्या बेल्टवर यातलं काहीच नाही.

टायमिंग बेल्ट बरोबर का बसला, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. तिथे तुम्ही व्यास मोजलाच नव्हता, दात मोजले होते. दातांची संख्या गुणिले पिच, म्हणजे इथे दोन दातांमधलं अंतर, भागिले π केलं की थेट पिच व्यासच मिळतो. ८ मि.मी. पिचच्या ४० दातांच्या पुलीचा तो १०१.९ येतो, आणि गंमत म्हणजे तीच पुली बाहेरून मोजली तर १००.५ भरते, कारण टायमिंग बेल्टची पिच रेषा पुलीच्या कडेच्या बाहेर जाते. शिवाय टायमिंग बेल्टवर पिच लांबीच छापलेली असते: १२८०-८एम म्हणजे १२८० मि.मी. आणि १६० दात. दोन्ही खड्डे त्या रस्त्यावर नव्हतेच.

मग तुम्हाला कोणता बेल्ट? १६८३ मधून ४३ वजा करा, १६४० उरतात, इंचात ६४.६. जवळचा आकडा बी ६५, तरी मी बी ६४ देईन. बी ६५ ने मोटर ५०६ वर बसते, म्हणजे ताणायला १४ मि.मी. उरतात. बी ६४ ने ती ४९३ वर येते: मागे २७ मि.मी. ताणायला आणि पुढे ३३ बेल्ट चढवायला. नवा बेल्ट सुरुवातीच्या दिवसांत थोडा सैल पडतोच, ती जागा मागे ठेवावी लागते. आणि चढवताना मोटर पुढे घ्या. स्क्रू ड्रायव्हरने कडेवरून ओढून चढवला तर आतले दोरे तुटतात, बाहेरून ते कळतही नाही.

एक शंका फोटो पाहून आली. मोटरच्या पुलीत एका खाचेचा तळ चकाकतोय. व्ही-बेल्टची पकड बाजूंवर असते, तळाला तो टेकताच कामा नये. नवा बेल्ट घालून पाहा: त्याची वरची बाजू पुलीच्या कडेच्या साधारण बरोबरीत हवी. २ मि.मी. खाली गेला असेल तर खाच झिजली आहे. त्याने लांबीत सहाएक मि.मी.चाच फरक पडतो, तो मोटर सरकवून निघेल, पण तळाला टेकलेला बेल्ट कितीही ताणला तरी घसरणार. तसं दिसलं तर आधी पुली बदला, नाहीतर बी ६४ लाही तुम्ही एकच स्टार द्याल.

परत घेण्याबद्दल: चकाकलेला बेल्ट मी दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकू शकत नाही, त्यामुळे ते दोन परत होणार नाहीत. पोराने तुम्ही सांगितलेलाच साइज दिला होता. पण भिवापूरहून पुन्हा यायचं म्हणजे तुमचा दिवस जातो, म्हणून नवी जोडी तुम्हाला आमच्या खरेदीच्या भावात देतो. दोन्ही नवेच घाला. एक जुना एक नवा जोडलात तर सगळा भार नव्यावर येतो. येताना मोटरची पुली काढून आणता आली तर खाचेला गेज लावून लगेच सांगतो. निघण्याआधी फोन करा, बी ६४ ची जोडी बाजूला काढून ठेवतो.