हात टेकले

ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मी हात टेकले, म्हणजे खरंच टेकले, त्यातला उजवा जरा जास्तच. डॉक्टर म्हणाले, पडताना माणूस आपोआप तळहात पुढे टाकतो, सगळं वजन त्यावर येतं आणि मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. एरवी हात टेकले की विषय संपतो हो, इथे 5-6 आठवड्यांचं प्लास्टर सुरू झालं.

पहिली ऑर्डर, हात वर ठेवा. सूज उतरायची तर हात हृदयापेक्षा उंच हवा, म्हणून उशांचा ढीग रचून मी पडलेला. भांडी, भाजी, कचरा, कशालाही मी हात वर केलेलेच आणि तेही डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीने! बायको म्हणाली, ''तुझे लग्नापासून वरच आहेत, आता फक्त सर्टिफिकेट मिळालं.''

दुसरी ऑर्डर, हात ओला होऊ द्यायचा नाही. पीओपी भिजलं की मऊ पडतं आणि जुळवलेलं हाड सरकू शकतं, त्यामुळे आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी. हे सगळं ठीक होतं, पण मी ऑफिसात बिलं पास करतो आणि एका कॉन्ट्रॅक्टरला सहज बोलून गेलो, ''सध्या हात ओला करायला बंदी आहे.'' बिचारा फाईल उचलून गेला तो चार दिवस फिरकलाच नाही.

बोटं मात्र सतत हलवायची होती, नाहीतर आखडतात. आणि ती निळी-गार पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर रात्र असो की रविवार, थेट दवाखाना गाठायचा, कारण प्लास्टर आवळत असतं. इथे विनोद नाही.

मग कापायचा दिवस. ते मशीन असं किंचाळतं की जीव मुठीत धरून बसावं म्हटलं तर मूठच मिटेना! डॉक्टरांनी चालू ब्लेड स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवलं. ते गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी त्याच्यासोबत हलते. तरी मी डोळे मिटलेच.

आतून निघालेला हात माझा वाटेना, बारीक, केसाळ आणि ताठ. आता म्हणे फिजिओथेरपी. बिल बघून माझं तोंड उतरलं तर सोबत आलेले काका म्हणाले, ''अरे पैसा म्हणजे हातचा मळ!'' काकांना काय जातंय. घरी येऊन कोमट पाण्यात हात बुडवला तर इतक्या आठवड्यांची मेलेली कातडी वळ्या होऊन निघायला लागली, मळ म्हणाल तर भरपूर, पैसा एक नाही.