क्लोज फ्रेंड्सची स्टोरीसुद्धा रंगमंचावरच असते

माध्यमांच्या समाजशास्त्राचे निबंध वाचायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं: 'पब्लिक प्रोफाइल म्हणजे रंगमंच आणि प्रायव्हेट अकाउंट म्हणजे पडद्यामागचा भाग.' शेजारी रोजचं वागणं नाटकाच्या भाषेत मांडणाऱ्या समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनचं नाव असतं आणि खाली निष्कर्ष असतो की माणूस पुढे खोटा वागतो आणि मागे खरा. वाचायला बरं वाटतं, पण गॉफमन असं काही म्हणत नाही. उलट त्याच्या मांडणीतली सगळी मजा या निष्कर्षाने निघून जाते.

१९४९ ते १९५१ या काळात गॉफमन स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर राहून अभ्यास करत होता. तिथल्या एका लहानशा हॉटेलातली निरीक्षणं त्याच्या १९५६ च्या पुस्तकात ठिकठिकाणी येतात. डायनिंग हॉलमध्ये पाहुण्यांसमोर सगळं मध्यमवर्गीय थाटात चालायचं. स्वयंपाकघरात मात्र बेटावरच्या शेतकरी घरांचीच रीत होती. वाफाळत्या किटल्यांवर ओले मोजे वाळत घातलेले असायचे, आणि पाहुण्यांच्या ताटातून उरलेलं लोणी पुन्हा नीट वळून दुसऱ्या ताटात जायचं.

या दोन जागांच्या मधल्या दारावर गॉफमन रेंगाळतो. वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असायचं. हातात ट्रे घेऊन ये-जा सोपी व्हायची, पाहुण्यांचं जेवण कुठवर आलंय ते कळायचं आणि ते कोण, कसे हेही जरा बघता यायचं. मालकांना ते बंद हवं असायचं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सवयी पाहुण्यांना दिसल्या तर त्यांचा आब गेला असता. मग दार एकाने रागाने आपटून बंद करायचं आणि दुसऱ्याने रागाने ढकलून उघडायचं.

मला वाटतं, प्रोफाइलवर निबंध लिहिणाऱ्याने हे दार शोधावं. गॉफमनच्या लेखी जागा ठरते ती नजर आणि आवाज कुठे अडतो त्यावरून. आणि एखादी जागा 'मागची' असते ती एका ठरावीक प्रयोगाच्या संदर्भात: त्या प्रयोगाची तयारी जिथे होते आणि त्यात जे भासवलं जातं ते जिथे बिनधास्त मोडता येतं, ती जागा. एका प्रयोगाची मागची जागा दुसऱ्या प्रयोगासाठी पुढची असू शकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीची नोकरी गेली. काही महिने घरी बसल्यावर दुसरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. लिंक्डइनवर ती लिहिते, 'नव्या प्रवासाची सुरुवात करताना आनंद होतोय.' नोकरी गेल्याचा उल्लेख नाही. त्याच रात्री इन्स्टाग्रामवर फक्त क्लोज फ्रेंड्ससाठी ती एक स्टोरी टाकते: विस्कटलेले केस, मंद उजेड, खाली ओळ, 'खरं सांगू? दमलेय यार.' निबंधात ही दुसरी स्टोरी 'पडद्यामागची' म्हणून नोंदली जाते.

पण ती स्टोरी झाली कशी ते बघा. पहिला फोटो फार रडका आला म्हणून डिलीट केला. दुसऱ्यात मागे न आवरलेला पलंग दिसत होता म्हणून कोन बदलला. 'दमलेय यार'च्या आधी 'वैताग आलाय' लिहून खोडलं, कारण यादीत जुन्या ऑफिसातल्या दोघी होत्या आणि त्यांना आपण कडवट वाटायला नको होतं. निवडक प्रेक्षक, ठरवलेला अवतार, सांभाळलेला सूर. हा पूर्ण प्रयोगच आहे, थिएटर लहान आहे इतकंच. मनमोकळं दिसणं ही इथली भूमिका आहे.

मग मागची जागा कुठे? डिलीट झालेल्या फोटोंत, ड्राफ्टमध्ये, आणि तिघी मैत्रिणींसोबतच्या तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे लिंक्डइनची पोस्ट मुळात तयार झाली. 'आनंद होतोय लिहू की कृतज्ञ आहे?' 'कृतज्ञ नको, फार गुळमुळीत वाटतं.' 'पगाराचं विचारलं कुणी तर?' 'विषय बदल.' जुन्या साहेबाला दोन शिव्याही तिथेच. गॉफमनच्या भाषेत ही टीम: पोस्टवर सगळ्यात आधी 'खूप खूप अभिनंदन!!' लिहिणाऱ्या याच तिघी, जणू बातमी त्यांना आत्ताच कळली. आणि या ग्रुपमध्येही ती पूर्ण 'खरी' असते असं नाही. इथे रडगाणं गायचं असतं, मोकळेपणाने शिव्या द्यायच्या असतात. नवी नोकरी मनापासून आवडली असेल तर ते बोलायला कदाचित इथेच तिला अवघड जाईल. मागच्या जागेलाही स्वतःची शिस्त असते.

आता दाराकडे परत. हॉटेलात ते कुणी उघडायचं याची ओढाताण चालायची, तशी इथेही चालते, फक्त इथे दार बांधणाराच त्यात एक पक्ष आहे आणि बहुतेक वेळा त्याला ते उघडं हवं असतं. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हा लाखो लोक चिडले. त्यात दिसणारी माहिती आधीही प्रोफाइलवर जाऊन पाहता येतच होती. पण मुद्दाम जाऊन पाहावी लागणारी गोष्ट आता आपोआप सगळ्यांसमोर येऊ लागली. आत काय आहे ते बदललं नव्हतं, दार काढून टाकलं होतं. काही दिवसांतच कंपनीला प्रायव्हसीची जास्तीची बटणं द्यावी लागली. हिरवा ठिपका, निळ्या टिक यांचंही तेच. ती 'आज फोनपासून लांब आहे' म्हणते आणि ठिपका सांगतो की ती ऑनलाइन आहे. माणूस जे सांगतो आणि त्याच्याकडून जे नकळत कळतं, यात गॉफमन फरक करतो. त्याच्या काळी हे नकळत कळणं चेहऱ्यातून, हातवाऱ्यांतून व्हायचं. इथे ते अ‍ॅपच्या रचनेतच बसवलेलं आहे. स्क्रीनशॉटबद्दल तर बोलायलाच नको. तिघींपैकी एकीने तो बाहेर पाठवला की संपलं.

एका बाबतीत मात्र गॉफमनची चौकट तोकडी पडते. त्याचा प्रयोग घडतो तेव्हा प्रेक्षक समोर असतात आणि प्रयोग कधीतरी संपतो. प्रोफाइल संपत नाही. सोशल मीडियाचा अभ्यासक बर्नी होगन याने २०१० मध्ये हाच मुद्दा मांडला: प्रोफाइलवर बरंचसं जे असतं ते प्रयोग नसून प्रदर्शन असतं, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तू, आणि त्यातली कुठली कुणाला दाखवायची हे अल्गोरिदम ठरवतो. आपल्या मुलीने तीन वर्षांपूर्वी 'हे ऑफिस म्हणजे माझं दुसरं घर' लिहिलं होतं. तेव्हा ते खोटं नव्हतं, ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचलंही. आज ते वाचतोय नवा बॉस, आणि आता ती बाई घर इतक्या सहज बदलणारी दिसते. पुढे-मागे या जोडीत हा प्रकार बसवता येत नाही, ओढूनताणून बसवूही नये.

निबंधासाठी यातून एक कामाची अडचण उभी राहते. पन्नास प्रोफाइलं उघडून त्यांचे स्क्रीनशॉट जमवले तरी हाती फक्त रंगमंच लागतो. पडद्यामागचं वर्तन त्यातून 'दिसलं' असं लिहिता येत नाही. त्यापेक्षा दोन-तीन माणसांच्या शेजारी बसावं, त्यांच्या संमतीने त्यांचंच प्रोफाइल मागे मागे स्क्रोल करावं आणि विचारावं: हे कुणासाठी टाकलं होतं, आधी काय लिहिलं होतं, हे कुणापासून लपवलं, यातलं काय नंतर काढून टाकलं. अर्थात तुमच्या शेजारी बसून ती जे सांगेल तेही तुमच्यासाठी केलेलं सादरीकरणच असेल. हे निबंधात लिहून टाकावं, गुण कापत नाही कुणी.