तीनदा बदललेली वेळ आणि चौथा निरोप

“पाडव्याच्या बैठकीची वेळ माझ्याकडून तीनदा बदलली. आता माफी मागून सगळ्यांकडून पक्कं कसं घ्यायचं? परदेशातल्या तिघांनाही धरायचंय.”
– मंडळाच्या चिटणीस, दांडिया बाजार, वडोदरा

ताई, माफी एका ओळीत मागा, कारणं देऊ नका. वडोदऱ्यात कारण न सांगणं तुटक वाटतं, हे मान्य. पण तीन कारणांच्या गर्दीत वेळ खाली सरकते आणि लोक जुनीच धरून बसतात.

“मेसेजनं काय होतंय, फोन फिरवा,” हे रावपुऱ्यातल्या काकांचं म्हणणं वडोदऱ्यातल्या नऊ जणांपुरतं बरोबर आहे. ‘बघतो’चं ‘येतो’ फोनवरच होतं. पण तुम्ही सकाळी दहाला फोन कराल तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. लंडनचा माणूस कॅलेंडर पाहून हो म्हणतो.

न्यू जर्सीच्या वहिनी सांगतात, “इथे साडेदहा तास मागे.” ७ मार्चपर्यंत ते खरं. ८ मार्च २०२६ ला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे फरक साडेनऊ तासांचा. ब्रिटनची पुढे जातात २९ मार्चला, तोवर लंडन साडेपाच तासच मागे. वहिनींच्या हिशोबानं त्या तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतील. म्हणून ‘भारतीय वेळ’ एवढंच न लिहिता तिन्ही गावांच्या वेळा लिहा:

“वेळ तीनदा बदलली, चूक माझी, माफ करा. आता शेवटचं: शनिवार १४ मार्च. वडोदरा रात्री ८, लंडन दुपारी २:३०, न्यू जर्सी सकाळी १०:३०. पाऊण तास. आधीचे तिन्ही निरोप रद्द. गुरुवार १२ मार्च, वडोदऱ्याच्या रात्री ९ पर्यंत ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढंच कळवा. बारापैकी आठ जण झाले नाहीत, तर बैठक न घेता पाडव्याच्या हॉलचं मीच ठरवेन.”

हा निरोप ग्रुपवर सात दिवसांसाठी पिन करा. कॅलेंडरवर नवं आमंत्रण काढू नका, जुन्यातलीच वेळ बदला. नाहीतर लोकांकडे दोन्ही नोंदी राहतात आणि घंटी दोनदा वाजते. नोंदीचा टाइमझोन भारताचाच ठेवा, बाकीच्यांना त्यांची वेळ आपोआप दिसेल.

यावर एखादा ग्रुपवर विचारेलच, “जेवण आहे का?” त्याला वाटेल, बैठक हॉलवर आहे. ती ऑनलाइन आहे हे कळावं म्हणून लिंक निरोपाखालीच टाका.

न बोलणाऱ्यांचं काय? मी त्यांना ‘नाही’त धरेन. काका म्हणतात, वडोदऱ्यात गप्प म्हणजे येणारच. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. नऊ जणांची यादी काकांच्याच हाती द्या.