रोज स्क्वॉट करा, पण आठवड्याची बेरीज वाढवू नका

गेलं वर्षभर सकाळच्या बॅचला एक गोष्ट वारंवार बघतोय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. रोज स्क्वॉट करायचं खूळ आपल्या बेळगावातच नाही, पार खानापूर-निपाणीपर्यंत पोचलंय. पोरं मोठ्या उमेदीनं सुरू करतात आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून येतात. घरात लगेच ऐकायला मिळतं, "सांगितलं होतं, जिम सोड." रोज स्क्वॉट ही पद्धत वाईट नाही. मी स्वतः वर्षातले चार-पाच महिने आठवड्याचे सहा दिवस स्क्वॉट करतो. बिघडतं ते एकाच ठिकाणी. आपण दिवस वाढवतो आणि प्रत्येक दिवसाचं काम मात्र पहिल्याइतकंच ठेवतो.

एका पोराचं उदाहरण देतो. नाव लिहीत नाही, त्याला विचारून लिहितोय. वय २६, उद्यमबागेत मशीनशॉपला कामाला. दोन वर्षं व्यवस्थित स्क्वॉट केलेला, एका रेपची कमाल १२० किलो. आधी तो आठवड्यातून दोनदा स्क्वॉट करायचा. सोमवारी ९५ किलोवर पाच रेप्सचे पाच सेट, गुरुवारी ८० किलोवर आठ रेप्सचे चार सेट. म्हणजे आठवड्याच्या ५७ रेप्स. प्रत्येक रेपचं वजन धरून बेरीज केली तर साधारण ४,९०० किलो.

मग त्यानं रोजचं सुरू केलं. सोमवारचंच काम, ९५ वर पाच बाय पाच, सोमवार ते शनिवार. आठवड्याच्या १५० रेप्स आणि १४,२५० किलो झाले. जवळजवळ तिप्पट. पहिले दहा-बारा दिवस त्याला फार भारी वाटलं, कारण पायांचं दुखणं गेलं होतं. इथंच माणूस फसतो. तोच व्यायाम लागोपाठ केला की स्नायू त्याला लवकर सरावतो, दुसऱ्या दिवशीचं ठणकणं कमी होतं. ठणका नाही म्हणजे थकवा नाही, असं आपण धरून चालतो. पण थकवा आत साचतच असतो, आणि गुडघ्याच्या वाटीला बांधून ठेवणारा कंडरा, ज्याला टेंडन म्हणतात, तो स्नायूपेक्षा पुष्कळ सावकाश तयार होतो.

तिसऱ्या शनिवारी तो जिमच्या जिन्यावरून उतरताना मी बघितला. डाव्या हातानं कठडा धरलेला, पाऊल तिरकं टाकत एक-एक पायरी उतरत होता. म्हटलं, कुठं दुखतंय? त्यानं एका बोटानं वाटीच्या बरोबर वरची जागा दाखवली. "दादा, पहिल्या सेटला दुखतंय, मग गरम झालं की जातंय. सकाळी उठलं की परत तसंच. आणि आता ८० किलो सुद्धा १०० सारखं लागायलंय." एका बोटानं दाखवता येणारी जागा, गरम झाल्यावर जाणारं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येणारं दुखणं, ही बहुतेक वेळा कंडऱ्यावर बोजा जास्त झाल्याची खूण असते. सूज असती, गुडघा अडकत असता किंवा रात्री नुसतं पडल्यावरही ठणकत असता, तर मी त्याला आधी डॉक्टरकडं पाठवलं असतं.

आठवडाभर आम्ही वजन ६० च्या वर नेलं नाही. त्यानंतर कागद घेऊन बसलो. मी त्याला एकच सांगितलं, तुझं शरीर ५७ रेप्स पचवत होतं ना? मग त्याच ५७ सहा दिवसांत वाटायच्या.

सोमवारी ८५ किलोवर तीन रेप्सचे चार सेट. मंगळवारी ७५ वर तीनचे तीन सेट. बुधवारी ९५, पण फक्त दोन-दोन रेप्सचे पाच सेट. गुरुवार सगळ्यात हलका, ७० वर तीनचे तीन. शुक्रवारी पुन्हा सोमवारचंच. शनिवारी १०० किलोवर सुटे पाच रेप्स, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. रविवारी बारला हात लावायचा नाही. बेरीज करून बघा, रेप्स बरोबर ५७ भरतात आणि किलो साधारण ४,८०० होतात. म्हणजे ओझं जवळपास तेवढंच राहिलं, पण कुठल्याही सेटला त्याच्या पोटात आणखी चार-पाच रेप्स शिल्लक राहिल्या. वॉर्मअप धरून सगळं पाऊण तासाच्या आत उरकायचं. शनिवारचे १०० किलो सुद्धा त्याच्या कमालीच्या ८३ टक्के होतात. त्या दिवशी दात-ओठ खावे लागले तर वजन चुकलं, असं आम्ही ठरवूनच ठेवलं होतं.

दिवस असे वर-खाली का ठेवले, तेही सांगतो. रोज ८५ करूनसुद्धा बेरीज जुळवता आली असती. पण ९५ नंतर ७० चा दिवस आला की कंडऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि हलक्या वजनावर खालची बैठक, गुडघ्याची दिशा, छाती, सगळं शांतपणे घोटता येतं. माझ्या मते रोजच्या स्क्वॉटचा खरा फायदा हाच आहे. आठवड्याचं एकूण काम सारखं ठेवलं तर दोन दिवस आणि सहा दिवस यांत ताकदीचा फार मोठा फरक पडत नाही, असंच आजवरच्या अभ्यासांत बहुतांशी दिसलं आहे. फरक पडतो तो सरावात. दमलेल्या पाचव्या रेपला कंबर गोल होते. दोन-तीन रेप्सच्या ताज्या सेटमध्ये प्रत्येक रेप नीट बसते.

दुसऱ्या आठवड्यात फक्त सोमवारी आणि शुक्रवारी एक-एक सेट वाढवला, रेप्स झाल्या ६३. तिसऱ्यात बुधवारी आणखी एक, म्हणजे ६५. चौथ्या आठवड्यात रोज दोनच सेट आणि ८५ च्या वर काही नाही. पाचव्यापासून परत ५७ वर येऊन प्रत्येक दिवसाचं वजन अडीच किलोनं वाढवलं. वजन आणि सेट एकाच आठवड्यात कधी वाढवले नाहीत.

आता थकवा ओळखायचा कसा? घड्याळं, ॲप्स पुष्कळ आहेत, पण आम्ही दोनच गोष्टी धरल्या. पहिली, ६० किलोचा वॉर्मअप सेट. मोबाईल त्याच जागी, त्याच बाकड्यावर टेकवून बाजूनं व्हिडिओ घ्यायचा आणि सोमवारच्या व्हिडिओशी ताडून बघायचा. ताज्या दिवशी ६० किलो घेऊन उठताना प्लेटा शेवटी खळ्ळकन वाजतात. दमलेल्या दिवशी बार मुकाट्यानं वर येतो. एक दिवस तसं झालं तर सोडून द्यायचं, झोप झाली नसेल. लागोपाठ दोन दिवस झालं तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, ७० वर तीनचे दोन सेट करून घरी जायचं. दुसरी गोष्ट, सकाळचा जिना. उठल्यावर घरच्या पायऱ्या उतरताना दुखणं दहापैकी किती, ते वहीत लिहायचं. तीनपर्यंत असेल आणि वाढत नसेल तर चालू ठेवायचं. चारच्या वर गेलं किंवा तीन दिवस सारखं चढत गेलं, तर त्या आठवड्यातले ९५ आणि १०० चे दिवस रद्द.

पाचव्या आठवड्यात त्याला रात्रपाळी लागली. दिवसाची झोप चार-साडेचार तास. बुधवारीच बार मुका झाला. त्या आठवड्यात आम्ही चारच दिवस केले, शनिवारचा १०० चा दिवस काढून टाकला. पोरगं नाराज झालं, पण ऐकलं. नवव्या आठवड्यात त्यानं १२५ किलो स्वच्छ उचलले आणि जिन्याचा आकडा शून्य-एकवर आला होता. हे पाच किलो रोज केल्यामुळंच वाढले असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांतसुद्धा वाढले असते कदाचित. पण त्याची बैठक कधी नव्हती इतकी सुधारली, आणि शिफ्टच्या माणसाला रोजची चाळीस मिनिटं काढणं दोनदा दीड-दीड तास काढण्यापेक्षा सोपं गेलं.

जुने लोक मला म्हणतात, आम्ही तालमीत रोज बैठका मारल्याच की, काय झालं? बरोबर आहे, मीही लाल मातीतच वाढलोय. पण बैठकीत अंगाचंच वजन असतं, आणि आमचे वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी ५० वर थांबवायचे, शेकड्यांवर जायला महिने लावायचे. शिवाय कुस्तीच्या मैदानाच्या आधल्या दिवसांत बैठका हमखास कमी करायचे. ते गणित आपण विसरलो आणि "रोज" हा एवढा एकच शब्द उचलला.

बल्गेरियाचंही नाव कानावर येतं. इव्हान अबादजिएव्ह हे त्यांच्या वेटलिफ्टिंग संघाचे प्रशिक्षक, त्यांचे खेळाडू रोज कमालीच्या जवळ जायचे, हे खरं. पण त्या खेळाडूंना दिवसभर दुसरं काम नव्हतं, ते निवडून आणलेले होते, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोघांची सुवर्णपदकं उत्तेजक चाचणीमुळं काढून घेतली गेली, संघानं माघार घेतली. आठ तास लेथवर उभं राहणाऱ्यानं ते वेळापत्रक आपलं मानू नये. मी इथं सांगतोय ती पद्धत त्याच्या उलट टोकाची आहे, कमालीपासून लांब राहण्याची.

मग ही कुणी करावी? ज्यानं वर्ष-दोन वर्षं स्क्वॉट केलाय, ज्याची बैठक रोज थोडी वेगळी पडते आणि ज्याला एका वेळी जास्त वेळ मिळत नाही, त्यानं जरूर करावी. अगदी नव्या पोरानं रोज करू नये. त्याचं बारवरचं वजन तीन दिवसांच्या व्यायामातच दर आठवड्याला वाढत असतं, ते आधी वाढू द्यावं. १८०-२०० किलोवाल्यांना तर वॉर्मअपच इतका लांबतो आणि अंगावर येतो की सहा दिवस परवडत नाहीत. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी करायचंच तर चार दिवस आणि ७५ टक्क्यांच्या आत.

सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते भरतीच्या पोरांना. तुम्ही रोज पहाटे १६०० मीटरची तयारी करता, डांबरावर धावता. त्या गुडघ्यावर, नडगीवर आधीच रोजचा बोजा आहे. तुम्हाला आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट पुरे, तेही धावण्याच्या जड दिवशीच संध्याकाळी, म्हणजे हलका दिवस हलकाच राहतो.

शेतावरच्यांसाठी आणखी एक. आमच्याकडं पाऊस लागला की रोपलावणीचे दहा-पंधरा दिवस दिवसभर चिखलात वाकून काम असतं. त्या दिवसांत कंबर बारखाली द्यायच्या आधीच दमलेली असते. मी माझ्याकडच्या खानापूर भागातल्या पोरांना तेव्हा तीनच दिवस देतो, ७० टक्क्यांच्या वर नाही, आणि जिन्याचा आकडा मला रोज व्हॉट्सॲपवर टाकायला लावतो. वरच्या उदाहरणातला पोरगाही यंदा घरच्या शेतावर होता. परवा त्याचा मेसेज आला, "जिना २, बार मुका. आज ७० चे दोनच सेट करून आलो."